बंद दारामागचा ठराव आणि उघडे घटनापत्रक

सर, मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सराव प्रश्नपत्रिकेत असा प्रश्न होता : ‘तेलबिया गाळून खाद्यतेल विकणे हा एका खासगी कंपनीचा घटनापत्रकातील उद्देश आहे. नियमावलीप्रमाणे संचालक मंडळ ५० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज स्वतःच्या अधिकारात घेऊ शकते. त्यावरील कर्जासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. दोन संचालकांच्या सहीने एका बाहेरच्या वित्तसंस्थेकडून ८० लाख घेतले गेले. सभा झालीच नव्हती. पैसा रिसॉर्टच्या बांधकामात गेला. आता कंपनी कर्ज नाकारते. वित्तसंस्थेला सल्ला द्या.’ मी लिहिले की अंतर्गत व्यवस्थापनाच्या तत्त्वामुळे सगळी रक्कम मिळेल. मैत्रीण म्हणते, रिसॉर्ट उद्देशाबाहेरचा असल्यामुळे काहीच मिळणार नाही. बरोबर कोण?
— एक विद्यार्थिनी, सातारा

सप्रेम नमस्कार.

सभेच्या ठरावापुरते तुमचे उत्तर बरोबर आहे, पण त्यात रिसॉर्टचा विचारच झालेला नाही. मैत्रिणीने रिसॉर्टवर बोट ठेवले हे योग्यच केले, परंतु तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे : पैसा कुठे जाणार हे वित्तसंस्थेला ठाऊक होते. प्रश्नात तसे कुठेही म्हटलेले नाही. ही जागा परीक्षकाने जाणूनबुजून मोकळी ठेवलेली असते आणि उत्तरपत्रिका तपासताना मी सर्वांत आधी हेच पाहतो की विद्यार्थ्याने ती ओळखली की आपल्या मनाने भरून टाकली.

अशा प्रश्नात कंपनीच्या क्षमतेचा विचार आधी आणि संचालकांच्या अधिकाराचा नंतर करावा लागतो. अंतर्गत व्यवस्थापनाचे तत्त्व संचालकांच्या अधिकारातील उणीव भरून काढते, कंपनीच्या क्षमतेतील उणीव नव्हे. बाहेरच्या माणसाने असे गृहीत धरायचे असते की, जे काम कंपनी करू शकते ते करण्यापूर्वी आतील सोपस्कार रीतसर पार पडले असतील. जे काम कंपनीला करताच येत नाही त्याच्याबाबत कोणताही सोपस्कार उपयोगाचा नसतो. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८७५ मध्ये ॲशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिश या खटल्यात हे कायमचे ठरवून टाकले. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या त्या कंपनीने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्याच्या कामाला पैसा पुरवण्याचा करार केला होता. घटनापत्रकाबाहेरचा म्हणून तो करार मुळापासूनच शून्य ठरला आणि सर्व भागधारकांनी एकमताने संमती दिली असती तरी तो जिवंत झाला नसता, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून सत्ताबाह्य कृत्यावर अंतर्गत व्यवस्थापनाचे तत्त्व लावणारे उत्तर, त्याखाली कितीही खटले दिलेले असले तरी, पायातच चुकलेले असते.

मग या कंपनीची क्षमता कुठे संपते? येथे मैत्रिणीने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या आहेत. रिसॉर्ट चालवणे हा उद्देश घटनापत्रकात नाही, हे खरे. परंतु वित्तसंस्थेने रिसॉर्ट बांधलेला नाही, तिने कर्ज दिले आहे, आणि व्यापार करणाऱ्या कंपनीला कर्ज घेण्याचा अधिकार स्पष्टपणे लिहिलेला नसला तरी असतोच असे न्यायालये मानतात. कर्ज घेणे ही कृती स्वतःहून सत्ताबाह्य नाही. ती सत्ताबाह्य ठरते का, हे कर्जाच्या प्रयोजनावर आणि त्या प्रयोजनाविषयी कर्ज देणाऱ्याला काय ठाऊक होते त्यावर अवलंबून असते.

या मुद्द्यावर दोन इंग्लिश खटले समोरासमोर ठेवून वाचावेत. डेव्हिड पेन अँड कंपनी या १९०४ च्या प्रकरणात असे म्हटले गेले की, कंपनीला कर्ज घेण्याचा सर्वसाधारण अधिकार असेल तर प्रत्येक रुपया कुठे खर्च होणार याची चौकशी करत बसण्याचे बंधन कर्ज देणाऱ्यावर नाही. संचालकांनी पैसा पुढे भलतीकडे वळवला तर तो त्यांचा आणि कंपनीचा प्रश्न. याउलट ‘इंट्रोडक्शन्स लिमिटेड’ या कंपनीचे प्रकरण पाहा. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या महोत्सवासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी ती स्थापन झाली होती. पुढे तिचा धंदा फक्त डुकरे पाळण्याचा उरला आणि त्यासाठी बँकेने तिला तारणावर कर्ज दिले. घटनापत्रकाची प्रत बँकेकडे होती आणि पैसा कुठे जातो हेही तिला ठाऊक होते. घटनापत्रकात कर्ज घेण्याचे कलम होते आणि प्रत्येक कलम स्वतंत्र उद्देश समजावे असेही लिहिले होते. तरीही अपील न्यायालयाने बँकेविरुद्ध निर्णय दिला. कर्ज घेणे हा अधिकार आहे, ते कंपनीचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही. कर्ज कशासाठी तरी घ्यावे लागते, आणि ते ‘कशासाठी’ घटनापत्रकात बसले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

यातून निघणारा नियम थोडा नाजूक आहे. घटनापत्रक आणि नियमावली कंपनी निबंधकांकडे नोंदलेली असतात, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३९९ खाली कोणालाही ती पाहता येतात, म्हणून ती सर्वांना ठाऊक आहेत असे कायदा धरून चालतो. वकील मंडळी याला कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस म्हणतात. त्यामुळे ‘मी घटनापत्रक वाचलेच नव्हते’ हा बचाव वित्तसंस्थेला नाही. पण कर्जाचे प्रयोजन कोणत्याही नोंदलेल्या दस्तऐवजात नसते, म्हणून त्याचे ज्ञान गृहीत धरता येत नाही. ते प्रत्यक्ष असावे लागते. उद्देशाचे गृहीत ज्ञान आणि प्रयोजनाचे प्रत्यक्ष ज्ञान अशी दोन्ही एकत्र आली की वित्तसंस्थेचा दावा कोसळतो.

हे प्रत्यक्ष ज्ञान किती थोड्या गोष्टीतून येऊ शकते याचे उदाहरण १९५३ च्या जॉन बोफोर्ट प्रकरणात आहे, आणि विद्यार्थ्यांना ते कठोर वाटते, मलाही वाटते. कपडे शिवण्याच्या धंद्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीने लाकडी पत्र्यांचे भिंतीचे फलक बनवायला सुरुवात केली. तिला कोक हे दगडी कोळशापासूनचे इंधन पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला मागणी ज्या कागदावर आली, त्याच्या शीर्षकावर कंपनी फलक बनवते असे छापलेले होते. कोक कपड्यांच्या कारखान्यातही लागू शकतो. तरी शीर्षकावरून धंदा कळला होता आणि घटनापत्रक ठाऊक आहे असे धरले गेले, म्हणून कंपनीच्या परिसमापनात त्याचा दावा फेटाळला गेला.

तेव्हा तुमच्या प्रश्नात वित्तसंस्थेला सल्ला देताना पहिले वाक्य असे हवे की, कर्जाच्या अर्जात, प्रकल्प अहवालात, मंजुरीपत्रात किंवा तारणाच्या दस्तात रिसॉर्टचा उल्लेख आहे का हे तपासा. प्रत्यक्षात वित्तसंस्था कर्जाचे प्रयोजन लिहून घेतल्याशिवाय ८० लाख सोडत नाही. अर्जावर ‘खेळते भांडवल’ किंवा ‘तेलघाण्याची नवी यंत्रे’ असे असेल आणि पैसा नंतर रिसॉर्टकडे वळला असेल, तर डेव्हिड पेन लागू होतो आणि क्षमतेचा आक्षेप टिकत नाही. अर्जावरच ‘रिसॉर्टचे बांधकाम’ असे असेल, तर इंट्रोडक्शन्स लागू होतो आणि येथून पुढे सभेच्या ठरावाची चर्चा केवळ पर्यायी मुद्दा म्हणून करायची असते.

आता प्रयोजन माहीत नव्हते असे समजून ठरावाकडे येऊ. तुमच्या मुद्द्याचा उगम असलेला रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टर्क्वांड हा खटला १८५६ चा आहे. वेल्समधील एका कोळसा आणि रेल्वे कंपनीच्या संचालकांनी कंपनीच्या मोहरेखाली बँकेला २,००० पौंडांचा कर्जरोखा दिला होता. कंपनीच्या दस्ताप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या ठरावाने अधिकृत केलेली रक्कम संचालक कर्जाऊ घेऊ शकत होते. पुढे कंपनी बुडाली तेव्हा पुरेसा ठराव झालाच नव्हता असे म्हणून देणे नाकारले गेले. एक्स्चेकर चेंबर न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यामागची कारणमीमांसा नीट पाहण्यासारखी आहे. बँकेने दस्त वाचला असता तर तिला कर्ज घेण्यावर बंदी आढळली नसती. ठरावाच्या अटीवर परवानगी आढळली असती. अटीवरची परवानगी दिसली की अट पुरी झाली असेल असे समजण्याचा तिला हक्क होता, कारण सभेचे इतिवृत्त कंपनीच्या दप्तरात असते आणि बाहेरच्याला ते उघडून पाहण्याचा अधिकार नसतो.

भारतात याच विचाराने अलाहाबाद उच्च न्यायालयाने लक्ष्मी रतन कॉटन मिल्स विरुद्ध जे. के. ज्यूट मिल्स हा खटला ठरवला. कर्जाला संचालक मंडळाचा ठराव नव्हता असा कंपनीचा बचाव होता. ठराव झाला की नाही हा कंपनीच्या घरातला प्रश्न आहे, म्हणून तो बचाव मान्य झाला नाही. तुमच्या उत्तरात टर्क्वांडच्या शेजारी हा खटला असायलाच हवा, कारण भारतीय पेपरात तो अधिक जवळचा आहे.

एवढ्यावर तुमचे उत्तर पूर्ण होते, असे वाटेल. पण प्रश्नातील ‘सर्वसाधारण सभेचा ठराव’ हे शब्द पुन्हा वाचा. साधा ठराव की विशेष ठराव, हे लिहिलेले नाही. साधा ठराव असेल तर तो निबंधकांकडे दाखल करण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. बाहेरच्याला तो पाहता येत नाही आणि टर्क्वांड पूर्णपणे लागू होतो. विशेष ठराव मात्र कलम ११७ प्रमाणे ३० दिवसांत निबंधकांकडे दाखल करावा लागतो. नियमावलीत विशेष ठरावाची अट असेल तर कंपनी म्हणू शकेल की, वित्तसंस्थेने निबंधकांकडची नोंद पाहिली असती तर असा ठराव दाखलच नाही हे तिला दिसले असते. तिच्यासाठी दार बंद नव्हते. या युक्तिवादात वजन आहे, आणि मी तो उत्तरात मांडलेला पाहू इच्छितो. त्याला उत्तरही आहे : कर्ज ठरावानंतर लगेच दिले जाते तेव्हा ३० दिवस संपलेले नसतात, त्यामुळे नोंद नसणे म्हणजे ठराव नसणे असे होत नाही. तुमच्या प्रश्नात प्रकार दिलेला नसल्याने साधा ठराव धरून उत्तर द्या, पण विशेष ठराव असता तर काय झाले असते ते दोन वाक्यांत सांगा.

कंपनी सार्वजनिक असती तर चित्र आणखी बदलले असते. कलम १८०(१)(क) नुसार भरणा झालेले भाग भांडवल, मुक्त राखीव निधी आणि रोखे अधिमूल्य यांच्या बेरजेपेक्षा एकूण कर्ज वाढणार असेल तर विशेष ठराव लागतो. यातून कंपनीच्या बँकेकडून नेहमीच्या धंद्यात घेतलेली तात्पुरती कर्जे वगळली आहेत. समजा भांडवल ४० लाख, राखीव निधी २० लाख आणि अधिमूल्य नाही. मर्यादा ६० लाखांची झाली. आधीचे कर्ज ३० लाख असेल तर नव्या ८० लाखांनंतर एकूण ११० लाख होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी कलम १८०(५) म्हणते की मर्यादेबाहेरचे कर्ज वैध नाही, मात्र कर्ज देणाऱ्याने आपण सद्भावनेने आणि मर्यादा ओलांडली गेल्याचे ज्ञान नसताना कर्ज दिले हे सिद्ध केले तर ते टिकते. टर्क्वांडमध्ये बाहेरच्याच्या बाजूने गृहीतक असते. येथे कायद्याने सिद्धतेचा भार त्याच्याच डोक्यावर ठेवला आहे. तुमच्या प्रश्नात कंपनी खासगी आहे. खासगी कंपन्यांना कलम १८० मधून २०१५ च्या अधिसूचनेने सूट मिळाली आहे, अर्थात त्यांनी आपली वार्षिक विवरणे आणि आर्थिक ताळेबंद निबंधकांकडे सादर करण्यात कसूर केलेली नसेल तर. त्यामुळे हे कलम येथे ओझरते सांगून पुढे जा.

संरक्षणाच्या मर्यादांची यादी विद्यार्थी पाठ करून येतात आणि सगळी ओततात. येथे त्यातली दोनच कामाची आहेत. पहिली सहीची. नियमावलीत कोणत्या पदाधिकाऱ्यांनी सह्या करायच्या हे लिहिलेले असेल आणि दस्तावर त्यातली एक सही नसेल, तर उणीव कागदाच्या तोंडावरच दिसते. कोटला वेंकटस्वामी विरुद्ध चिंता राममूर्ती या १९३४ च्या मद्रास खटल्यात गहाणखतावर व्यवस्थापकीय संचालक, चिटणीस आणि कार्यकारी संचालक अशा तिघांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात शेवटच्या दोघांच्याच होत्या; ते गहाण कंपनीवर बंधनकारक ठरले नाही. म्हणून ‘दोन संचालकांच्या सहीने’ हे शब्द वाचले की नियमावलीत किती सह्या लागतात हा प्रश्न विचारा. दुसरी मर्यादा संशयाची. जी परिस्थिती पाहून सावध माणूस चौकशी करेल ती असूनही डोळे मिटून घेणाऱ्याला हे तत्त्व मिळत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातील वीजदर सवलतीच्या अधिसूचनांवरून झालेल्या एमआरएफ विरुद्ध मनोहर पर्रीकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच सांगितले. शासनाच्या कामकाज नियमांप्रमाणे त्या अधिसूचना मंजूरच झालेल्या नव्हत्या आणि उद्योगांनी अंतर्गत व्यवस्थापनाच्या तत्त्वाचा आधार मागितला होता. तो मिळाला नाही. तेलघाणा चालवणाऱ्या छोट्या कंपनीचे संचालक निबंधकांकडच्या कागदांत न दिसणाऱ्या गोष्टी रेटून ८० लाख मागत असतील, तर वित्तसंस्थेने एकदा तरी ठरावाची प्रमाणित प्रत मागायला हवी होती की नाही, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारात घ्या. मी म्हणेन, केवळ रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त आहे यातून संशय उद्भवत नाही, कारण नियमावली स्वतःच त्याहून जास्तीची वाट दाखवते.

आता उरतो तो कठीण भाग : प्रयोजन माहीत होते असे निघाले तर वित्तसंस्थेच्या हाती काहीच लागत नाही का? कर्जाचा करार शून्य आहे, म्हणून कर्ज म्हणून दावा लागत नाही आणि कर्जासाठी घेतलेले तारणही टिकत नाही. पण तीन वाटा पाहून ठेवाव्यात. पहिली, तिचा पैसा कंपनीकडे ओळखता येईल अशा स्वरूपात शिल्लक असेल, उदाहरणार्थ वेगळ्या खात्यात न खर्चलेली रक्कम म्हणून, तर त्याच पैशाचा माग काढून तो मागता येतो. दुसरी, त्यातून कंपनीची वैध देणी भागवली गेली असतील, समजा २० लाख तेलबिया पुरवणाऱ्या शेतकऱ्यांना दिले गेले असतील, तर त्या २० लाखांपुरती ती त्या धनकोंच्या जागी उभी राहू शकते, कारण त्यामुळे कंपनीच्या एकूण वैध देण्यात वाढ होत नाही. तिसरी, संचालकांची वैयक्तिक जबाबदारी. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या खटल्यात दोन लाखांची देणगी सत्ताबाह्य ठरवून ती संचालकांकडून परत घेण्यात आली. तिथे मागणी कंपनीच्या मालमत्तेच्या वतीने होती. बाहेरचा धनको स्वतःच संचालकांवर जाईल तेव्हा घटनापत्रक त्यालाही ठाऊक आहे असे धरले जाते आणि त्याची वाट अरुंद होते. करार शून्य असल्याचे नंतर उघड झाले तर त्याखाली मिळालेला लाभ परत करायला लावणाऱ्या करार कायद्याच्या कलम ६५ चा उल्लेख करावासा वाटेल; पण शून्यत्व आधीपासून ठाऊक असणाऱ्याने ‘ते नंतर उघड झाले’ असे म्हणणे अवघड आहे, एवढे त्यासोबत लिहा.

एक सावधगिरीही हवी. वरचे इंग्लिश खटले आपल्याकडे आजही आधार म्हणून वाचले जातात, कारण आपल्या कायद्यात उद्देशांचे बंधन आणि कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस कायम आहे. इंग्लंडने मात्र २००६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३९ आणि ४० ने बाहेरच्या माणसाला मोठे संरक्षण दिले आहे. ‘इंग्लंडमध्ये आज इंट्रोडक्शन्सप्रमाणेच निकाल लागेल’ असे लिहू नका.

परीक्षेत अशाच वस्तुस्थितीत बाहेरच्या वित्तसंस्थेऐवजी त्याच कंपनीच्या संचालकाने ८० लाख दिले असे असले, तर टर्क्वांडला हात लावू नका. सभा झाली की नाही हे संचालकाला घरातच कळते. हॉवर्ड विरुद्ध पेटंट आयव्हरी मॅन्युफॅक्चरिंग या १८८८ च्या खटल्यात संचालकांना सभेशिवाय १,००० पौंडांपर्यंत कर्ज घेता येत होते, त्यांनी स्वतःच ३,५०० पौंड दिले, आणि न्यायालयाने कंपनीवरील वैध कर्ज १,००० पौंडांपुरते धरले. तुमच्या आकड्यांत ती रक्कम ५० लाख होते, आणि वरच्या ३० लाखांचे कर्ज टिकत नाही.